चादर बदलण्याच्या व्हिडिओचं नाव

नोकरीत मी जे लिहितो त्याला शीर्षक देताना कुणी माझं मत विचारत नाही. मी म्हैसूरच्या एका कंपनीत सॉफ्टवेअरची माहितीपुस्तकं लिहितो. तिथली शीर्षकं ठरलेली असतात: 'पासवर्ड कसा बदलावा', 'अहवाल कसा छापावा'. गेली कित्येक वर्षं मी असली सरळसोट वाक्यं लिहून घर चालवतो आहे आणि मनातल्या मनात स्वतःला दबलेला साहित्यिक समजतो आहे.

ही दबलेली वाफ निघायची ती आमच्या मराठी मंडळाच्या चॅनेलवर. मंडळाचे कार्यक्रम इंटरनेटवरून थेट दाखवायचं ठरलं तेव्हा अध्यक्षकाकांनी तांत्रिक जबाबदारी माझ्याकडे दिली. काकांच्या मते कॅमेरा आणि आवाज हे महत्त्वाचं काम. माझ्या मते शीर्षक. हळदीकुंकवाच्या कार्यक्रमाला मी 'कुंकुमरेखांच्या काठाकाठानं' असं नाव दिलं होतं. वार्षिक सभेचं प्रक्षेपण 'संवादाच्या उंबरठ्यावर' या नावानं गेलं. ते तीन जणांनी पाहिलं, त्यात मी दोन वेळा होतो. एकदा फोनवर आणि एकदा लॅपटॉपवर.

बायको म्हणाली होती, "नावावरून कळत नाही रे आत काय आहे."

"उत्सुकता निर्माण व्हायला हवी," मी म्हणालो.

"कुणाला?"

मी पुढच्या कार्यक्रमाचं शीर्षक शोधू लागलो.

तर मंडळात बऱ्याच जणांचे आईवडील गावाकडून इथे राहायला आलेले. कुणाची आई अंथरुणाला खिळून, कुणाचे वडील लकव्यानं आजारी. घरी बाई ठेवली तरी तिला शिकवणार कोण, म्हणून काकांनी अक्कांना गाठलं आणि प्रात्यक्षिकाचा एक कार्यक्रम ठरवला. अक्का सरकारी इस्पितळातून निवृत्त झालेल्या नर्स. त्यांचं घराणं इथलं जुनं, म्हैसूरच्या फौजेत चाकरीला आलेल्या मराठ्यांचं. पिढ्यान्‌पिढ्या इथे राहिल्यामुळे अक्कांचं मराठी वाक्य मराठीत सुरू होतं, मध्येच कन्नडात शिरतं आणि बाहेर यायचं विसरतं. पंच्याहत्तरीच्या बाई, पण हाताची पकड अशी की नमस्काराला हात हातात घेतला तरी आपली नाडी तपासली जाते आहे असं वाटावं.

कार्यक्रमाची माहिती घ्यायला मी त्यांच्या अग्रहार भागातल्या घरी गेलो. वही उघडून विचारलं, "अक्का, कार्यक्रमाला नाव काय देऊ या?"

"नाव कसलं? पडून असलेल्या माणसाची चादर कशी बदलायची. अष्टे."

'अष्टे' म्हणजे एवढंच. मी समजूतदारपणे हसलो. ते हसू आठवलं की मला अजून कसंतरी होतं. म्हणालो, "ते आहेच हो, पण जरा भावपूर्ण काहीतरी..."

"चादरीत कसला भाव? सुरकुती राहिली की पाठ सोलते. हे लिही."

मी लिहिलं नाही.

घरी येऊन प्रक्षेपण आगाऊ लावून ठेवलं. प्रत्येक वेळी सगळं नव्यानं भरायला नको म्हणून मागच्या कार्यक्रमाची मांडणी जशीच्या तशी उचलायची सोय असते, ती वापरली. मग शीर्षकाच्या चौकटीत टाइप केलं: 'सांजवेळी हात हाती: एक स्पर्शयात्रा (लाइव्ह)'. दर्शनी चित्र म्हणून मावळता सूर्य आणि गुंफलेले दोन हात लावले. खालचं वर्णन मागच्या कार्यक्रमाचं आपोआप आलं होतं. मागचा कार्यक्रम कोजागरीचा होता. ते वर्णन बदलायचं माझ्या ध्यानातच आलं नाही, कारण त्या वेळी मी 'स्पर्शयात्रा' एक शब्द की दोन यावर विचार करत होतो.

रविवारी सकाळी मंडळाच्या हॉलमध्ये लोखंडी खाट आणली. पेशंट व्हायला कुणी तयार होईना. काकांनी गुडघ्याचं कारण सांगितलं. बाकीच्यांनी तेवढीही तसदी घेतली नाही. अक्कांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "हा पडेल. ह्याला वजन बरं आहे, शिकवायला उपयोगी."

मी लॅपटॉप लावला, माइक जोडला, 'थोड्याच वेळात' असं लिहिलेलं चित्र पडद्यावर ठेवलं. प्रक्षेपण अजून सुरू व्हायचंय, आपण अजून चाचणीतच आहोत, अशी माझी ठाम समजूत होती. ती चुकीची होती. चित्र दिसत होतं, पण माइक उघडा होता आणि सगळं थेट जात होतं. या समजुतीत मी काकांजवळ बोलून गेलो: "काका, अक्का दोन वाक्यांत कन्नडात जातात हो. हे मराठी चॅनेल आहे, लोकांना ऐकवायचं कसं? नंतर खाली शुद्ध मराठीत सारांश घालावा लागेल."

काका "हं" म्हणाले. त्यांनाही माइक उघडा असल्याचं माहीत नव्हतं, पण ते स्वभावानंच सावध.

चौदा मिनिटांनी काकांनी स्वागत केलं आणि मी खाटेवर आडवा झालो. अक्कांनी माझा पलीकडचा गुडघा वाकवला, पलीकडचा हात छातीवर ठेवला, एक पंजा खांद्यामागे आणि एक कमरेमागे घातला आणि मला स्वतःकडे असं वळवलं की मी पाचवीत असल्यासारखा हलका झालो.

"हाताला धरून ओढायचं नाही," त्या कॅमेऱ्याला सांगत होत्या. "खांदा निखळतो. मग्गुलाला वळवायचं, आपल्या बाजूला. पलीकडे लोटायचं नाही, पडेल. नोडा, असं बघा."

मग्गुल म्हणजे कूस. मी कुशीवर पडल्या पडल्या मनात दुरुस्ती केली.

एवढ्यात लॅपटॉपजवळ बसलेले काका प्रेक्षकांचे संदेश मोठ्यानं वाचू लागले. "एक जण विचारतायत, गाणी किती वाजता?"

अक्का थांबल्या. "कसली गाणी?"

"दुसऱ्या ताई लिहितायत, 'खूप वेळ झाला, मैफल सुरू करा.' आणि एक जण विचारतायत की मसाला दूध ऑनलाइन प्रेक्षकांना कसं मिळणार."

कोजागरीचं वर्णन! 'चांदण्यातली गीतमैफल, त्यानंतर मसाला दूध.' वर माझी स्पर्शयात्रा. माणसं गाणी ऐकायला आली होती आणि त्यांना एका प्रौढ गृहस्थाची पाठ दिसत होती. प्रक्षेपण चालू असतानाही शीर्षक आणि वर्णन बदलता येतं हे मला पक्कं ठाऊक होतं. दोन मिनिटांचं काम. मी उठू लागलो.

"सुम्ने, गप पडून राहा," अक्कांनी खांदा दाबला. "पेशंट उठतो काय?"

"अक्का, ते वर्णन..."

"पेशंट बोलतो, पण उठत नाही."

काकांच्या पत्नीला मला धरायला लावून त्यांनी पलीकडून जुनी चादर लांबीत गुंडाळून माझ्या पाठीशी सारली होती आणि नवी अर्धी पसरून अर्धी तिला खेटून ठेवली होती. मग त्यांनी मला त्या उंचवट्यावरून दुसऱ्या कुशीवर घेतलं, तिथेही मला धरायला काकांच्या पत्नीला उभं केलं, जुनी चादर काढून टाकली, नवी ओढून ताणली आणि तळव्यानं एकेक सुरकुती काढली. हॉलमधली माणसं पुढे सरकून बघत होती. दोघी जणी फोनवर चित्र घेत होत्या. मी मात्र भिंतीकडे तोंड करून, इंटरनेटवरचे श्रोते एकेक करून निघून जात असल्याचं काकांच्या आवाजात ऐकत होतो. शेवटी काका म्हणाले, "आता चारच राहिले," आणि त्यांच्या सुरात जरा हायसं वाटल्यासारखं होतं.

कार्यक्रम संपला. प्रक्षेपण संपलं की त्याचीच ध्वनिचित्रफीत तयार होते, त्याच दुव्यावर, त्याच नावानं. म्हणजे 'लाइव्ह' संपलं तरी शीर्षकात 'लाइव्ह' राहिलं, मावळता सूर्य राहिला, मसाला दूधही राहिलं. मी ते तसंच सोडलं. लाज वाटली की मी कामाला हात लावत नाही. माझी जुनी पद्धत.

चार दिवसांनी अक्कांचा फोन आला. "दुपारी लॅपटॉप घेऊन ये."

गेलो. समोर कॉफी आली. अक्का म्हणाल्या, "हुणसूरला माझ्या नात्यातली एक मुलगी दिलीय. तिची सासू महिनाभर पडून आहे. रविवारी तिला यायला जमलं नाही. मी म्हटलं, इंटरनेटवर बघ. ती रोज शोधते, तिला मिळत नाही."

"मी तिला दुवा पाठवतो ना."

"तिला पाठवशील. दुसरी कुणी हुणसूरची असेल तिला कोण पाठवेल?"

मग त्यांनी त्या मुलीला फोन लावून स्पीकरवर ठेवला. मी विचारलं, "तुम्ही काय टाइप करून शोधलं?"

पलीकडून जरा लाजरा आवाज आला. तिला मराठी बोलता येत होतं, पण देवनागरी टाइप करता येत नव्हतं. "इंग्लिश अक्षरात टाकलं. पेशंट बेडशीट चेंज मराठी. मग सासू झोपलेली असताना बेडशीट. मग बेडसोर कसं बरं करायचं. इंग्लिशमधले पुष्कळ आले. अक्काचा आला नाही."

मी वहीत लिहून घेतलं. आमच्या शीर्षकात, वर्णनात यातला एकही शब्द नव्हता. शोधणाऱ्या यंत्रानं तरी काय करावं? त्याला सांजवेळ दिली होती, त्यानं सांजवेळच्या गाण्यांशेजारी आम्हाला नेऊन ठेवलं असणार.

फोन ठेवल्यावर मी शीर्षकाची चौकट उघडली. तिथे शंभर अक्षरांची मर्यादा असते आणि फोनवर त्यातली सुरुवातीचीच दिसतात, म्हणून कामाचे शब्द आधी यायला हवेत. हे मी दुसऱ्यांना शिकवलेलं आहे, पगार घेऊन. तरीही पहिला मसुदा लिहिला: 'रुग्णाचा पलंगपोस बदलणे व शय्याव्रण प्रतिबंध'.

अक्कांनी चष्मा लावून वाचलं. "पलंगपोस म्हणजे?"

"चादर."

"आणि ते शय्या काय?"

"बेडसोर."

"मग तसं लिही की. चाळीस वर्षं वॉर्डात काढली, एकही माणूस मला शय्याव्रण झालंय म्हणून आला नाही."

मग आम्ही बसून लिहिलं. 'अंथरुणावरच्या पेशंटला न उठवता चादर कशी बदलायची | कुशीवर वळवणे, बेडसोर टाळणे'. 'लाइव्ह' काढलं. वर्णनात पहिल्या दोन ओळींत काय दाखवलंय ते सरळ सांगितलं, कारण तेवढंच न उघडता दिसतं. खाली त्या मुलीची वाक्यं रोमन अक्षरांत घातली. मसाला दूध पुसून टाकलं. सूर्यास्ताच्या जागी मी कुशीवर पडलेला आणि अक्का चादर गुंडाळताहेत असं चित्र लावलं. त्यात माझं टक्कल फार स्पष्ट होतं, पण चादरही होती. मग वेळा लिहिल्या. वर्णनात शून्यापासून सुरू करून वेळ आणि त्यापुढे प्रकरणाचं नाव लिहिलं की व्हिडिओचे भाग पडतात आणि माणसाला हवं तिथे थेट जाता येतं. 'कुशीवर कसं वळवायचं', 'चादर बदलणे', 'पाठ आणि टाच तपासणे'.

"कूस लिहिलंस, आणि मग्गुल पण लिही," अक्का म्हणाल्या. "आमच्यातल्या पोरी मग्गुल म्हणतात."

मी लिहिलं. मग अक्का कॉफीचा पेला उचलत सहज बोलल्या, "सगळं लिहिलंस. तो शुद्ध मराठीतला सारांश राहिला."

मला क्षणभर कळलं नाही. मग कळलं. "तुम्ही ऐकलंत?"

"शेजारणीनं घरी टीव्हीवर लावून दिलं होतं, पहिल्यापासून. मला वाटलं आवाजाची खराबी आहे, म्हणून मोठा केला."

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर मी माफी मागून मोकळा झालो असतो. त्यांनी पेले उचलले आणि आत गेल्या. मी तिथे लॅपटॉप मिटत बराच वेळ काहीतरी करत असल्यासारखं केलं आणि "येतो अक्का" म्हणून निघालो. माफीचा शब्द तोंडातच राहिला. शब्दांचा एवढा षौक असलेला माणूस मी.

घरी येऊन मात्र हुशारी सुचली. सुरुवातीची ती चौदा मिनिटं कापूनच टाकावीत. प्रेक्षकांची सोय होईल, असं मी स्वतःला सांगितलं. खरी सोय कुणाची होती ते उघड होतं. संपादनाच्या पानावर जाऊन पहिला भाग कापला, जतन केलं. कापलेला व्हिडिओ तयार व्हायला काही तास लागतात, तोवर जुनाच दिसत राहतो. मी लगेच तपासलं तेव्हा सगळ्या वेळा बरोबर होत्या. समाधानानं जेवलो.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत अक्कांचा फोन. "अरे, ती पोर म्हणते, 'चादर बदलणे' दाबलं की काका आभार मानतात. आणि 'पाठ तपासणे' दाबलं की काहीच येत नाही."

मी डबा तसाच टाकून लॅपटॉप उघडला. कात्री लागली होती. सगळा व्हिडिओ चौदा मिनिटांनी अलीकडे सरकला होता आणि वर्णनातल्या वेळा जुन्याच होत्या. जिथे चादर असायची तिथे काका हॉल दिल्याबद्दल कुणाचे तरी आभार मानत होते. 'पाठ तपासणे' तर व्हिडिओ संपल्यानंतरच्या वेळेवर होतं.

"अक्का, मी सुरुवात कापली. त्यामुळे वेळा चुकल्या."

"का कापलीस?"

खोटं बोलायची तयारी होती. प्रेक्षकांची सोय वगैरे. पण ज्या बाईनं आपल्याला चादरीसकट उलटंपालटं केलंय तिच्याशी खोटं बोलणं जड जातं.

"मी तुमच्या मराठीबद्दल जे बोललो ते पुसायला," मी म्हणालो. "चुकलं माझं. तुमचं मराठी त्या पोरीला कळलं, माझं शीर्षक तिला सापडलंसुद्धा नाही."

मग अक्का म्हणाल्या, "बिडु, सोडून दे. मी पण तुझ्याबद्दल शेजारणीकडे बोलले, वजनाबद्दल. फक्त माइक नव्हता. आता वेळा नीट कर बेग, लवकर, तिची सासू ओल्या चादरीवर आहे."

मी तिथेच बसून शून्य सोडून प्रत्येक वेळेतून चौदा मिनिटं वजा केली. माहितीपुस्तकं लिहिणाऱ्या माणसाला वजाबाकी दोनदा तपासावी लागली. पहिला भाग शून्यावर आहे ना, क्रम बरोबर आहे ना, हे पाहिलं आणि प्रत्येक नावावर बोट ठेवून खरंच तिथेच जातंय याची खात्री केली. मग त्या मुलीला संदेश पाठवला. संध्याकाळी तिचं उत्तर आलं: 'जमलं. नवऱ्यानं दुसऱ्या बाजूनं धरलं. चादर कोरडी.'

महिन्याभरानं मी चॅनेलचा अहवाल उघडला. लोक कोणते शब्द शोधत आपल्यापर्यंत आले ते त्यात दिसतं. जुन्या व्हिडिओंखाली बहुतेक ठिकाणी मंडळाचंच नाव होतं, आणि तो शोधणारा बहुधा मीच. चादरीच्या व्हिडिओखाली मात्र ओळी होत्या. कुणी रोमन अक्षरांत, कुणी देवनागरीत. आजीला कुशीवर कसं वळवायचं. वडील जड आहेत चादर. बेडसोर पाठ घरी. मी त्या ओळी बायकोला वाचून दाखवल्या. तिनं वडिलांची ओळ पुन्हा वाचायला लावली.

त्याच सुमारास हुणसूरच्या मुलीनं विचारलं की सासूची टाच लाल दिसते, चोळू का? अक्का म्हणाल्या, "चोळायचं नाही म्हणून सांग. आणि चल, बघूनच येऊ." रविवारी आम्ही सरकारी बसनं गेलो. अक्कांनी टाच पाहिली, पोटरीखाली उशी सरकवून टाच अधांतरी ठेवली, दर दोन तासांनी कूस बदलली जाते ना ते विचारलं, आणि लाली टिकली तर दवाखान्यात दाखवायला बजावलं. सासूबाई सगळा वेळ माझ्याकडे रोखून बघत होत्या. शेवटी सुनेला म्हणाल्या, "हा तोच ना फोनमधला? बरा झाला वाटतं."

परतताना बसमध्ये मी फोनवरच वर्णन उघडलं. टाचेबद्दल दोन ओळी घालायच्या होत्या. अक्का शेजारी डोळे मिटून बसल्या होत्या. मी लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं.

"वाच," त्या डोळे न उघडता म्हणाल्या.

"'टाच लाल दिसल्यास मर्दन करू नये.'"

"चोळू नये."

मी 'चोळू नये' केलं. 'पोटरीखाली उशी ठेवा, टाच कशालाच टेकू देऊ नका' हेही लिहिलं. जतन करायला गेलो तर रेंज नव्हती. गोल चकती फिरत राहिली. वाटेवरचं इलवाळ आलं तेव्हा ती थांबली आणि ओळी जतन झाल्या. सांगायला वळलो, तर अक्कांना झोप लागली होती.